खुशालरावांच्या गाडीवरचा बोजा

अमरावतीत आरटीओच्या समोरच्या रांगेत माझं दुकान आहे. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन. सतरा वर्षं मी तिथे बसते आणि आता मला त्या रांगेची शिसारी आली आहे. रांगेत मीही आलेच, म्हणून आधीच सांगून टाकलं. पुढे वाचताना कोणी माझी बाजू घेऊ नये.

खुशालराव सरोदे हे अंजनगाव सुर्जीचे. वय अठ्ठावन्न. बावीस वर्षं दुसऱ्याची मेटॅडोर चालवली, मग बावन्नाव्या वर्षी फायनान्स कंपनीकडून कर्ज काढून स्वतःची पिकअप घेतली. अंजनगावची केळी, औषधी पानपिंपरी, लग्नसराईत मंडपाचे बांबू, जे मिळेल ते वाहिलं. या माणसाचा धंदा कधी फार वाढला नाही, कारण त्यांना खोटं बोलता येत नाही. म्हणजे बोलत नाहीत असं नव्हे, येतच नाही. बाकीचे ड्रायव्हर घरून निघायच्या आधीच फोनवर सांगतात, "पोहोचलोच, दर्यापूर सोडलं." खुशालराव सांगायचे, "अजून घरीच चहा पिऊन राह्यलो." व्यापारी फोन ठेवायचा आणि दुसरी गाडी लावायचा. एकदा बाजार समितीच्या फाटकाला त्यांच्या गाडीचा धक्का लागून बिजागरी तुटली. कोणी पाहिलं नव्हतं. हे स्वतः ऑफिसात जाऊन सांगून आले, आणि वर सचिव रागावले तेव्हा गाडी लावायला शिकणाऱ्या पोरासारखं मान खाली घालून ऐकून घेतलं. त्यांच्या पत्नी पार्बताबाई म्हणायच्या, "ह्या मानसाले घरात ठेवून बाहेर मीच गेलेली बरी." पण सांगताना हसायच्या.

मागच्या वर्षी नोव्हेंबरच्या सुरुवातीला ते माझ्या दुकानात आले. एका हातात काठी, दुसऱ्या हातात नायलॉनची पिशवी. सोबत बेबीताई. बेबीताई म्हणजे अंजनगावच्या बाजारात भाजीचं मोठं दुकान लावणारी, पंचेचाळिशीची, ठसठशीत बाई. नवरा गेल्यावर तिने ड्रायव्हिंग शिकून पक्कं लायसन्स काढलं होतं. खुशालरावांचा डावा गुडघा गेला होता, क्लच दाबवत नव्हता. पिकअप बेबीताई घेणार होती. तिला बचत गटामार्फत बँकेचं कर्ज मंजूर झालं होतं, पण एका अटीवर. आरसी बुकावर जुन्या फायनान्स कंपनीचं नाव नको. आणि मंजुरी तीस नोव्हेंबरपर्यंतच. त्यानंतर नव्याने अर्ज, आणि नव्याने अर्ज म्हणजे पुढचा उन्हाळा.

"कुंदाताई, गाडीवर कोनाचं काहीच नाही," खुशालराव म्हणाले. "मार्चमधी शेवटचा हप्ता भरला. हे पाहा."

त्यांनी पिशवीतून काढलं ते पाहून मी कपाळावर हात मारला. कंपनीचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म पस्तीसच्या दोन्ही प्रती. तिन्ही कागद जाड प्लास्टिकमध्ये लॅमिनेट केलेले. कडेला खिळ्यासाठी भोक पाडलेलं आणि वरच्या कोपऱ्यात कुंकवाचा वाळलेला डाग.

"हे काय केलंत?"

"देवाजवळ लावलं होतं. सहा वर्षांचं काम पुरं झालं ना. पार्बता म्हने, कागद खराब होईन, पॅक करून आना."

आता हे नवीन माणसाला समजावून सांगावं लागतं. गाडी कर्जावर घेतली की आरसीवर कंपनीच्या नावाने बोजा चढतो. हप्ते संपले म्हणजे तो आपोआप उतरत नाही. कंपनी ना-हरकत पत्र देते आणि फॉर्म पस्तीस देते, त्यावर कंपनीची सही-शिक्का आणि मालकाची सही. ते घेऊन सरकारी पोर्टलवर अर्ज करायचा, फी भरायची, मालकाच्या मोबाइलवर आलेला ओटीपी टाकायचा, मग कागद आरटीओत द्यायचे. तिथे तपासून कंपनीचं नाव काढतात आणि नवी आरसी पोस्टाने घरी येते. काही मोठ्या बँका हल्ली हे सगळं परस्पर ऑनलाइन कळवतात. खुशालरावांची कंपनी त्यातली नव्हती. आणि त्या पत्राच्या तळाला बारीक अक्षरात छापलेलं असतं, नव्वद दिवसांच्या आत वापरावे. मार्च ते नोव्हेंबर मोजा.

अंजनगावात, परतवाड्यात, शेंदूरजनाघाटच्या संत्र्यांच्या गाडीवाल्यांत ही चूक घरोघरी आहे. हप्ता संपला म्हणजे सगळं संपलं असं धरतात. पत्र आलं की पेढे वाटतात आणि पत्र देवापुढे ठेवतात. आरसी कोणी उघडून पाहत नाही. कंपनी सांगत नाही, कारण तिचं काम झालेलं असतं. आणि आमच्यासारख्या दुकानदारांना तर आनंदच. उशिरा आलेला माणूस घाबरलेला असतो, घाबरलेला माणूस प्रश्न विचारत नाही.

"आपुन जाऊन विचारू तर खरं," खुशालराव म्हणाले. ते काठी टेकत समोर गेले आणि वीस मिनिटांत परत आले. खिडकीतल्या साहेबाने कागद उलटसुलट करून पाहिला होता आणि म्हटलं होतं, "काका, यावर शिक्का कुठं मारू? आणि तारीखही गेली. कंपनीकडून ताजं पत्र आणा." त्यात त्या माणसाचं काही चुकलं नव्हतं.

मी कंपनीच्या अकोल्याच्या शाखेत फोन लावला. अमरावतीची शाखा त्यांनी केव्हाच बंद केली होती. फोनवर मी नेहमीचं वाक्य बोलले. सतरा वर्षांत इतक्यांदा बोललेलं की जीभ आपोआप वळते. "पार्टीचं एनओसी हरवलंय, डुप्लिकेट पाहिजे." पलीकडून उत्तरही नेहमीचंच. पोलिसांत गहाळ झाल्याची नोंद, नोटरीपुढचं प्रतिज्ञापत्र, आधार आणि आरसीची झेरॉक्स. आठवड्यात मिळून जाईल.

मी फोन ठेवला तर खुशालराव माझ्याकडे बघत होते.

"ताई, हरवलं कुठी? हे तर हाय."

"असं सांगावं लागतं."

"काहून?"

"डुप्लिकेट हरवलेल्याचंच मिळतं. तुम्ही चिंता नका करू, मजकूर माझ्याकडे तयार आहे. फक्त नाव आणि गाडी नंबर टाकायचा."

आणि खरंच तयार होता. संगणकात फाइल होती, त्या फाइलचं नाव होतं 'हरवले'. 'मी शपथेवर लिहून देतो की सदरचे पत्र प्रवासात गहाळ झाले असून खूप शोध घेऊनही मिळून आलेले नाही.' किती जणांनी त्याखाली सही केली असेल देव जाणे. त्यातल्या किती जणांचं पत्र खरंच हरवलं होतं, हे मी एकालाही विचारलेलं नाही. आज ते लिहिताना मला माझाच वीट येतो.

खुशालरावांनी नाही म्हटलं. सरळ. "मी शपथ घेऊन असं नाही लिवू शकत. माह्या पिशवीत हाय थे हरवलं कसं म्हनू?"

बेबीताईने मध्ये तोंड घातलं नाही. ती बाहेरच्या बाकावर जाऊन बसली आणि मोबाइलवर तारीख पाहत राहिली. मला वाटतं, ती भांडली असती तर खुशालराव टिकले असते. तिचं ते गप्प बसणं त्यांना सहन झालं नाही. तिच्या दीड एकराच्या वावरातून त्यांनी बारा वर्षं भाजी उचलली होती आणि 'गाडी तुलेच देईन' हा शब्द त्यांनी स्वतः होऊन दिला होता.

मीही सोडलं नाही. मला ते प्रकरण संपवायचं होतं, मागे सहा लोक उभे होते. मी म्हटलं, "खुशालराव, कोणाचं नुकसान होतंय का यात? कर्ज तुम्ही फेडलं. गाडी तुमची. कंपनीलाही माहीत आहे. ही नुसती पद्धत आहे." पद्धत! हा शब्द मी इतक्या गोडीने वापरला की आता आठवला तरी तोंड कडू होतं.

दोन दिवसांनी त्यांनी अंजनगावच्या ठाण्यात जाऊन नोंद केली. तो प्रसंग त्यांनीच मला नंतर सांगितला. हवालदाराने विचारलं, कुठं हरवलं? मी पढवून ठेवलं होतं, अमरावतीचा बसस्टँड. त्यांनी तसं सांगितलं. हवालदाराने पुढे सहज विचारलं, कोणत्या फलाटावर? ही गोष्ट मी पढवली नव्हती. खुशालरावांना इतका घाम आला की हवालदाराने त्यांना खुर्ची दिली आणि पाणी पाजलं. "बसा काका, कागदच तर हाय, भेटून जाईन," असं वर त्यांनाच समजावलं.

मग नोटरी. कोर्टाच्या आवारात टेबल टाकून बसलेल्या वकिलाने न वाचताच शिक्का हातात घेतला. खुशालरावांनी मात्र पूर्ण कागद वाचला, ओठ हलवत, एकेक ओळ. 'खूप शोध घेऊनही' या शब्दांवर ते थांबले. नायलॉनची पिशवी त्यांच्या खांद्याला होती आणि ते कागद तिच्यातच होते. मी म्हटलं होतं ना घरी ठेवून या, तर म्हणाले, घरी भिंतीवर दिसतात, पार्बता विचारते. त्यांनी सही केली. सही नेहमीपेक्षा लहान आली.

त्याच दिवशी आम्ही तिघं त्यांच्याच पिकअपने अकोल्याला गेलो. मला जुन्या शहरात बहिणीकडे जायचं होतं, म्हणून मी सोबत. गाडी बेबीताई चालवत होती, मी मध्ये, खुशालराव दरवाजाशी. मूर्तिजापूर येईपर्यंत बेबीताईने दोनदा म्हटलं, "भाऊ, गेअर मस्त पडते." खुशालराव "हौ" म्हणाले. बाकी काही नाही. खरं तर या गाडीबद्दल हा माणूस तासभर बोलू शकला असता.

फायनान्स कंपनीची शाखा पहिल्या मजल्यावर होती. काचेचं दार, आत थंडगार, भिंतीवर हसरं कुटुंब आणि नवी गाडी असलेलं पोस्टर. कर्ज घ्यायला आलेल्यांसाठी सोफा, कर्ज फेडलेल्यांसाठी प्लास्टिकच्या खुर्च्या. सहा वर्षं एक तारीख न चुकवणाऱ्या माणसाला गुडघ्यात कळ घेऊन त्या खुर्चीवर पाऊण तास बसवलं, आणि तेवढ्यात कर्ज मागायला आलेल्या दोन माणसांना चहा आला.

काउंटरवरच्या मुलाचं नाव ओमप्रकाश, छातीवर पट्टी होती. वाईट मुलगा नव्हता. त्याने प्रतिज्ञापत्र घेतलं, पोलीस नोंद घेतली, गाडी नंबर टाकला आणि टायपिंग करू लागला. शेजारी अकोटचा एक माणूस येऊन उभा राहिला, पायजमा आणि मळकी टोपी. त्याने खिशातून चार घड्यांचा, कडा झिजलेला कागद काढून काउंटरवर पसरवला. तेच पत्र. त्याचीही मुदत गेलेली.

ओमप्रकाशने एका हाताने तो कागद घेतला, नंबर पाहिला आणि म्हटलं, "फॉर्म पस्तीस पण द्या जुने. साधा अर्ज लिहा, मुदत संपल्यामुळे नवीन द्यावे. झालं."

मी विचारलं, "यांना प्रतिज्ञापत्र नाही लागत?"

"त्यांच्याजवळ ओरिजिनल आहे ना, मॅडम. ओरिजिनल जमा केलं की अर्ज पुरते. अॅफिडेव्हिट हरवलेल्याले लागते."

"आणि समजा ओरिजिनल खराब झालं असेल? म्हणजे, लॅमिनेट वगैरे?"

"चालते की. फाटलेलं चालते, भिजलेलं चालते. नंबर दिसला पायजे फक्त." तो हसला. "लॅमिनेशनचे तर आठवड्याला दोन येतात आमच्याकडं."

सतरा वर्षं. सतरा वर्षांत मी फोनवर एकदाही दुसरं वाक्य बोलले नव्हते. एकदा, फक्त एकदा म्हटलं असतं की कागद आहे पण मुदत गेली, तर मला हे त्याच क्षणी कळलं असतं. मी विचारलं नाही, कारण 'हरवले' फाइल तयार होती. त्या शपथेची किंमत इतकीच होती, माझा आळस.

मी खुशालरावांकडे पाहिलं. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांचा हात पिशवीत गेला होता, मनगटापर्यंत आत. प्लास्टिकचा करकर आवाज मला ऐकू आला. बेबीताईलाही आला असावा, कारण तिने मान वळवली आणि लगेच परत सरळ केली.

ओमप्रकाश टाइप करता करता, निव्वळ बोलायचं म्हणून म्हणाला, "काका, तुमचं नीट शोधलं होतं ना? हरवल्याची नोंद सिस्टिमला चढली आता, यापुढं ओरिजिनल सापडलं तरी केस हेड ऑफिसला जाते. महिना-दोन महिने लागतात मग."

पिशवीतला आवाज थांबला. खुशालरावांनी बेबीताईकडे पाहिलं नाही, माझ्याकडे तर नाहीच. पोस्टरवरच्या हसऱ्या कुटुंबाकडे पाहत होते.

"शोधलं," ते म्हणाले. "नाही सापडलं."

आणि हात पिशवीतून बाहेर काढला, रिकामा.

कागदावर सही करणं वेगळं होतं. तिथे निदान मजकूर माझा होता. हे त्यांनी स्वतःच्या तोंडाने, एका माणसाच्या डोळ्यांसमोर, स्पष्ट मराठीत सांगितलं. ओमप्रकाशने 'बरं' म्हणून एंटर दाबलं.

जिना उतरताना मी म्हटलं, "खुशालराव, मला माहीत नव्हतं हो."

ते एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरत होते. म्हणाले, "तुमी त्याईले विचारलंच नाही, ताई. मी म्हनलं होतं, हे तर हाय म्हनून." आवाजात राग नव्हता. राग असता तर मी दोन शब्द परत बोलून मोकळी झाले असते.

नवं पत्र आणि नवे फॉर्म सहाव्या दिवशी आले. मी त्याच संध्याकाळी पोर्टलवर अर्ज टाकला. ओटीपी त्यांनी फोनवर सांगितला, एकेक आकडा सावकाश. विमा, पीयूसी, फिटनेस, टॅक्स, सगळं चोख होतं. एकही चलान बाकी नव्हतं. माझी फी मी घेतली नाही. घेतली नाही म्हणून मी कोणी मोठी झाले असं मला वाटलेलं नाही. पंचवीस नोव्हेंबरला रेकॉर्डवरून कंपनीचं नाव निघालं. बँकेने ऑनलाइन पाहून होकार दिला, अठ्ठावीसला बेबीताईच्या नावाने हस्तांतराचा आणि तिच्या बँकेचा बोजा चढवण्याचा अर्ज एकदमच गेला. मुदतीत, दोन दिवस राखून. बेबीताईने मला फोनवर रडत रडत आशीर्वाद दिले, जे मी मुकाट्याने ऐकून घेतले.

'हरवले' ही फाइल मी अजून काढून टाकलेली नाही. खरंच हरवलेले लोकही येतात. पण आता आधी विचारते, कागद आहे का घरी? भिंतीवर, कपाटात, देवापुढे, कुठे तरी? शेजारच्या दुकानातले हसतात. त्यांच्याकडे अजून सगळ्यांचंच हरवतं.

कंपनीचं नाव निघालं त्या दिवशी मी खुशालरावांना स्वतः फोन केला होता. म्हटलं, "झालं बरं का. गाडीवर आता कोणाची काही नोंद नाही. कोरी झाली."

मागून पार्बताबाईंचा भांडी लावण्याचा आवाज येत होता.

मग म्हणाले, "ताई, थे अंजनगावच्या ठान्यात माह्या नावानं लिवलं ना, बसस्टँडवर हरवलं म्हनून. थे कसं काढाचं? त्याचा फॉर्म असते का काही?"

मी सतरा वर्षं फॉर्म भरते. मी म्हटलं, "नाही."

"बरं," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.